सॅम्पल दुप्पट केलं तरी कॉन्फिडन्स इंटरवल अर्धा होत नाही? आधी हे तपासा

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की आता एकदाच सगळं लिहून ठेवतो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच वाचायला देईन. गोष्ट नेहमी सारखीच असते. कोणीतरी छोटं सॅम्पल घेऊन कॉन्फिडन्स इंटरवल काढतं, तो फार रुंद येतो, वरून सांगितलं जातं की डेटा वाढवा, मग तो माणूस राबून राबून डबल डेटा गोळा करतो आणि बघतो तर इंटरवल अर्धा सोडाच, तिसरा हिस्सासुद्धा कमी झालेला नसतो. मग मला फोन, "अरे सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी बग दिसतोय."

बग सहसा नसतो. आणि हसायचं काही कारण नाही, कारण पहिल्यांदा हा घोळ मीच घातला होता. भर मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगून बसलो होतो की सॅम्पल डबल करू, मार्जिन निम्मं होईल. झालं नाही. त्यानंतर दोन आठवडे काय काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

लक्षणं काय दिसतात

सॅम्पल दुप्पट केलं पण रुंदी ३० टक्क्यांच्या आसपासच कमी झाली. किंवा चौपट केलं तरी अर्धी होत नाही, कुठेतरी ०.६ वर अडकते. किंवा रुंदी जागची हललीच नाही. किंवा उलट, डेटा वाढवल्यावर इंटरवल चक्क मोठा झाला. आणि एक लक्षण असं की ज्यात कोणी तक्रारच करत नाही, रुंदी अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी अर्धी होते, सगळे खूश, आणि तिथेच सगळ्यात मोठी चूक लपलेली असते. त्याच्यावर खाली सविस्तर येतो.

काही तपासायच्या आधी एकच आकडा काढून ठेवा, नवी रुंदी भागिले जुनी रुंदी. मी याला नुसतं गुणोत्तर म्हणतो. ताप आल्यावर आधी थर्मामीटर लावतो तसं हे, आजार कुठला ते बऱ्याचदा या एका आकड्यावरूनच कळतं.

पहिलं बघा, बिघाड आहे का मुळात?

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. रुंदी n ने, म्हणजे सॅम्पलमधल्या रीडिंग्जच्या संख्येने, कमी होत नाही, √n ने होते. म्हणजे सॅम्पल दुप्पट केलं तर गुणोत्तर १/√2, साधारण ०.७१, आणि चौपट केलं तर ०.५. दुप्पट करून २९ टक्के कमी झाली असेल तर सगळं ठणठणीत आहे, तुमची अपेक्षाच चुकली होती. माझी पण तीच चुकली होती.

असं का होतं ते समजून घ्या, कारण पुढच्या अर्ध्या तपासण्या याच्यावरच उभ्या आहेत. प्रत्येक रीडिंगमध्ये थोडी चूक असते, कधी वर कधी खाली. चार रीडिंग्ज मिळवली तर चारही चुका एकाच बाजूला जात नाहीत, काही एकमेकींना खाऊन टाकतात, त्यामुळे बेरजेचा पसारा चौपट न होता फक्त दुप्पट होतो. मग सरासरी काढायला त्या बेरजेला चाराने भागलं की पसारा अर्धा उरतो. चार रीडिंग्ज, अर्धी रुंदी. हे चुका खाऊन टाकणं रीडिंग्ज एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच होतं, ही अट डोक्यात ठेवा, ती शेवटी आपल्याला गाठणार आहे.

आता एक उदाहरण धरू आणि तेच शेवटपर्यंत वापरू. लोकांना एक फॉर्म भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचंय. २५ जणांचं मोजलं, सरासरी ६२, स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे s, १०. ९५ टक्क्यांचा इंटरवल येतो ६२ ± ४.१३, म्हणजे पूर्ण रुंदी ८.२६ सेकंद. स्वतः पडताळायचं असेल तर हे चालवा:

```python
import numpy as np
from scipy import stats

def width(n, s, level=0.95):
    t = stats.t.ppf((1 + level) / 2, n - 1)
    return 2 * t * s / np.sqrt(n)

for n in (25, 50, 100):
    print(n, round(width(n, 10), 2))
```

२५ ला ८.२६, ५० ला ५.६८, १०० ला ३.९७. गुणोत्तरं ०.६९ आणि ०.४८. आता तुम्ही म्हणाल ०.७१ आणि ०.५० का नाही आलं, तर त्याचं कारण t. छोट्या सॅम्पलमध्ये s वरच पूर्ण भरवसा नसतो म्हणून १.९६ च्या जागी थोडा मोठा आकडा लावतात, २५ ला २.०६, १०० ला १.९८, सॅम्पल वाढलं की हा दंडही कमी होतो. अगदी छोट्या सॅम्पलमध्ये फरक जबरदस्त असतो. ४ वरून १६ वर गेलात तर t ३.१८ वरून २.१३ वर उतरतो आणि रुंदी अर्धी न होता एक तृतीयांश होते. तेव्हा खूश होऊन "पुढच्या चौपटीतही असंच होईल" असं कोणाला सांगू नका, होणार नाही.

स्क्रीनवर नक्की काय दिसतंय?

ही तपासणीही फुकटच, पण लोक इथे हमखास गंडतात. काही ठिकाणी पूर्ण रुंदी दाखवतात, काही ठिकाणी नुसता ± नंतरचा आकडा, म्हणजे अर्धी रुंदी. एक्सेलचं `CONFIDENCE.T` अर्धीच देतं. जुनी रुंदी रिपोर्टमधून घेतली (८.२६) आणि नवी एक्सेलमधून (२.८४), तर दुप्पट सॅम्पलचं गुणोत्तर येतं ०.३४ आणि माणूस पेढे वाटायला निघतो. याच्या उलट केलं, म्हणजे जुनी ४.१३ आणि नवी ५.६८, तर गुणोत्तर १.३८ आणि "डेटा वाढवल्यावर इंटरवल मोठा झाला" म्हणून फोन. दोन्हीकडे एकच गोष्ट मोजताय का ते बघा, बास.

त्याच फंक्शनमध्ये पहिला आकडा 0.05 द्यायचा असतो, 0.95 नाही. 0.95 दिलं की ते ५ टक्क्यांचा इंटरवल काढतं आणि आपल्या २५ जणांसाठी ± ०.१३ असला भलताच अरुंद आकडा देतं. गुणोत्तर काढून हे सापडणार नाही, कारण जुना नवा दोन्ही सारखेच चुकलेले असतात, म्हणून फॉर्म्युला डोळ्यांनी वाचा.

आणि लेव्हल तीच आहे ना? मधेच कोणीतरी ९५ चं ९९ करून ठेवतं, "जास्त खात्री" पाहिजे म्हणून. ९९ ला १.९६ च्या जागी २.५८ लागतो, इंटरवल ३१ टक्क्यांनी फुगतो. सॅम्पल दुप्पट करून मिळवलेलं जवळजवळ सगळं त्यातच जातं, गुणोत्तर ०.९३ च्या आसपास येतं (छोट्या सॅम्पलमध्ये थोडं कमी). ०.९ च्या वरचा आकडा दिसला की मी आधी हेच विचारतो.

गुणोत्तर १ आलं तर

रुंदी हललीच नाही म्हणजे बहुतेक तुम्ही इंटरवल काढतच नाही आहात. स्टँडर्ड डेव्हिएशन आणि स्टँडर्ड एरर यांची अदलाबदल झालेली असते. ग्राफवर सरासरी ± 2s अशा दांड्या काढल्या आणि त्याला कॉन्फिडन्स इंटरवल म्हटलं तर त्या दांड्या n वाढवून कधीच छोट्या होणार नाहीत, कारण लोक एकमेकांपेक्षा किती वेगळे आहेत हे s सांगतो, आणि जास्त लोक मोजले म्हणून लोक काही एकसारखे होत नाहीत. कमी होते ती सरासरीबद्दलची आपली अनिश्चितता, ती s/√n. आपल्या उदाहरणात s = १० आणि स्टँडर्ड एरर २, एवढा फरक आहे. √n ने भागायचं राहिलंय का बघा, राहिलेलंच असतं.

चौपट केलं आणि ०.६ वर अडकलं

आता थोडं खणावं लागेल, जुनी फाइल उघडा आणि दोन्ही वेळचा s शेजारी शेजारी लिहा. √n चा नियम s तोच राहिला असं धरून चालतो, आणि तो तोच राहतो असं कोणी लिहून दिलेलं नाही. समजा पहिल्या २५ जणांत योगायोगाने s ८ आला होता, रुंदी ६.६०. मग १०० जण घेतले आणि s १० निघाला, रुंदी ३.९७. गुणोत्तर ०.६०. काहीही बिघडलेलं नाही, पहिल्या सॅम्पलने तुम्हाला जरा गोड चित्र दाखवलं होतं एवढंच. २५ च्या सॅम्पलवरून काढलेला s सहज १४-१५ टक्के इकडेतिकडे असतो, म्हणून पायलटच्या जोरावर "रुंदी इतकीच येईल" असं लेखी देऊ नये.

पण एक बघा, s वाढण्याचं कारण योगायोग नसेल तर? पहिले २५ जण सगळे ऑफिसातले सवयीचे आणि नंतरचे ७५ बाहेरचे, असं असेल तर तुम्ही वेगळ्याच गर्दीत शिरलात. नव्या ७५ चा s आणि सरासरी वेगळी काढून बघा. सरासरीच लांब गेली असेल तर रुंदीचा प्रश्न बाजूला ठेवा, आपण नक्की कोणाची सरासरी काढतोय हे आधी ठरवा.

दोन गटांची तुलना असेल तर कुठला n वाढला?

जुना फॉर्म आणि नवा फॉर्म, दोन गट, प्रत्येकी ५० जण, आपल्याला हवा फरकाचा इंटरवल. रुंदी ७.९४. आता नव्या फॉर्मचे लोक सहज मिळतात म्हणून तिकडे २०० केले आणि जुन्याचे ५० च ठेवले. रुंदी ६.२३, गुणोत्तर ०.७८, आणि लगेच तक्रार, "चौपट केलं ना!" चौपट एकच बाजू केलीत. फरकाच्या स्टँडर्ड एररमध्ये 1/n₁ + 1/n₂ असतं, एक टर्म कितीही छोटी केली तरी दुसरी तिथेच बसून राहते. नव्या बाजूला लाखभर लोक आणले तरी गुणोत्तर ०.७ च्या खाली जाणार नाही. तेच एकूण २५० लोक १२५-१२५ असे वाटले असते तर रुंदी ४.९८ आली असती, एकही माणूस जास्त न आणता. हे आधी कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि आता ते, ज्यात सगळं बरोबर दिसतं

एक ज्युनियर माझ्याकडे आली, "सर, १०० रीडिंग्ज झाली, रुंदी ८.२६ वरून ३.९७ वर आली, बरोबर अर्धी, नियमाप्रमाणे." मी विचारलं, तीन दिवसांत ७५ नवीन माणसं कुठून आणलीस? तर म्हणे, "नवीन नाही सर, त्याच २५ जणांकडून चार-चार वेळा भरून घेतला." पंचवीस चोक शंभर.

फाइल व्यक्तीप्रमाणे सॉर्ट केली आणि बघितलं. एकाचे चार आकडे ४७, ५५, ४४, ५२. दुसऱ्याचे ७६, ६९, ८०, ७३. पहिला चारही वेळा फास्ट, दुसरा चारही वेळा स्लो. आता वर लिहिलेलं आठवा, चुका एकमेकींना खाऊन टाकतात तेव्हाच √n चा फायदा मिळतो. दुसऱ्या माणसाचा संथपणा चारही रीडिंग्जमध्ये त्याच बाजूला ढकलतोय, काय खाणार कोण कोणाला. सॉफ्टवेअरला हे माहीतच नाही, त्याला १०० ओळी दिसल्या, त्याने √१०० ने भागलं.

दुरुस्ती सोपी होती. प्रत्येक माणसाच्या चार आकड्यांची सरासरी काढायची, मग त्या २५ सरासऱ्या घेऊन n = २५ ने इंटरवल काढायचा. त्या २५ सरासऱ्यांचा s आला ८.३७ आणि रुंदी ६.९१. गुणोत्तर ०.८४. म्हणजे चौपट मेहनत करून रुंदी १६ टक्के कमी झाली, ५२ नाही.

हिशोब असा आहे. एकूण चढउतारातला किती हिस्सा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे ते बघायचं, इथे साधारण ०.६ होता, त्याला ρ म्हणतात. प्रत्येकाकडून m रीडिंग्ज घेतली तर ओळींच्या संख्येला 1 + (m−1)ρ ने भागायचं, इथे 1 + 3 × 0.6 = 2.8, म्हणजे १०० ओळींची किंमत ३६ स्वतंत्र माणसांएवढी. त्याच २५ जणांना हजार वेळा बसवलं तरी ती किंमत ४२ च्या पुढे जात नाही आणि रुंदी ६.४ सेकंदांच्या खाली येत नाही. ३.९७ पाहिजे असतील तर वेगवेगळी नवी माणसंच लागतील, प्रत्येकी एकदाच मोजली तर एकूण १००.

याचाच एक बावळट भाऊ आहे, फाइल दोनदा पेस्ट होणं. सरासरी शेवटच्या दशांशापर्यंत तीच, s किंचित कमी, आणि गुणोत्तर ०.६८. नवीन डेटा आल्यावर सरासरी थोडी तरी हलतेच, ती अजिबात हलली नाही की ओळी डुप्लिकेट आहेत का तपासा. आयडीचा कॉलम असेल तर दोन मिनिटांचं काम, नसेल तर ... आयडीचा कॉलम ठेवत जा.

इथे थांबा आणि स्टॅटिस्टिशियनला गाठा

माणसाप्रमाणे सरासरी काढायची युक्ती प्रत्येकाची रीडिंग्ज सारखीच असतील तर छान चालते. कोणाची दोन, कोणाची चाळीस, त्यावर वर्ग, वर्गांवर शाळा अशी उतरंड असेल आणि वरच्या पातळीवर फक्त पाच-सहा गट असतील, तर स्वतः फॉर्म्युले शोधत बसू नका. मी पण नाही बसत. तसंच तासातासाला घेतलेली रीडिंग्ज, जिथे आत्ताचं रीडिंग मागच्याला चिकटून चालतं, तिथे माणूसच नाही तर सरासरी कोणाप्रमाणे काढणार. वजनं लावलेला सर्व्हे असेल तरी तेच, आणि अगदी दुर्मिळ गोष्टीची टक्केवारी काढत असाल, ३०० मध्ये २ वगैरे, तर नेहमीचा ± वाला फॉर्म्युला शून्याच्या खालचा आकडाही देऊन मोकळा होतो, त्याला वेगळ्या पद्धती आहेत.

अजून एक जागा आहे थांबायची, आणि ती पैसे खर्च करायच्या आधीची. रुंदी अर्धी करायला चौपट, पाव करायला सोळापट. कोणी ± ४ चं ± १ मागत असेल तर सोळापटीचा खर्च मांडा आणि तेव्हाच जाणकाराला विचारा, कारण बऱ्याचदा मोजायची पद्धत सुधारून s कमी करणं किंवा त्याच माणसाला दोन्ही फॉर्म देऊन फरक काढणं यात तेवढाच फायदा कितीतरी स्वस्तात मिळतो.

आणि लोक चुकीच्या जागेहून येत असतील तर n वाढवून काहीच होत नाही. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाकडे २४ लाखांच्या आसपास मतपत्रिका परत आल्या होत्या, फॉर्म्युल्यात घातलं तर मार्जिन ± ०.०६ टक्के. अंदाज होता रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. रूझवेल्ट ६० टक्क्यांहून जास्त मतं मिळवून निवडून आले. पत्ते ज्या याद्यांमधून घेतले त्यात टेलिफोन आणि गाड्या असलेले लोक भरलेले होते, वर उत्तर पाठवणारेही थोडेच, आणि इंटरवलच्या रुंदीत हे कुठेच दिसत नाही.

स्टॅटिस्टिशियनकडे जाताना सरासऱ्यांचा तक्ता नेऊ नका. मूळ फाइल न्या, एका ओळीत एक रीडिंग, कोणाचं ते आयडीने कळेल अशी, घेतल्याची तारीख-वेळ शेजारी, आणि एका कागदावर लिहा की पहिले लोक कुठून घेतले आणि नंतरचे कुठून. नाहीतर पहिला अर्धा तास तो हेच विचारण्यात घालवेल.